रकाने उचल, ओळी नको: लेव्हलिंग आणि ट्रॅव्हर्सचा तक्ता

प्रश्न: सर, सर्व्हेइंगच्या पेपरात लेव्हलिंगचा आणि ट्रॅव्हर्सचा तक्ता मी आधी सोडवलेल्या प्रश्नातला जसाच्या तसा आखतो आणि आकडे भरत जातो. कधी सगळं जुळतं, कधी ओळी उरतात, कधी चेकच बसत नाही. तक्ता पाठच करायचा की दर वेळी नवा आखायचा?

उत्तर: वरची मथळ्याची पट्टी, म्हणजे रकाने, खुशाल पाठ कर. ते पद्धतीवर ठरतात आणि पद्धत बदलत नाही. ओळी मात्र प्रश्नावर ठरतात, म्हणून त्या दर वेळी नव्याने मोजायच्या. आणि अधिक-उण्याची चिन्हं तर जुन्या प्रश्नावरून कधीच उचलायची नाहीत. माझ्याकडे तपासायला येणाऱ्या पेपरात पोरांचे मार्क जातात ते बहुतेक या दोन ठिकाणी. बेरीज-वजाबाकी येत नाही म्हणून क्वचितच जातात.

लेव्हलिंगपासून सुरू करू. त्या तक्त्यात एक ओळ म्हणजे काय, हे आधी पक्कं कर. एक ओळ म्हणजे एक वाचन नव्हे. एक ओळ म्हणजे जमिनीवरची एक जागा, जिथे स्टाफ उभा होता. चेंज पॉइंटवर स्टाफ हलत नाही, हलतं ते यंत्र. त्या एकाच जागेवर दोन वाचनं घेतली जातात, आधी फोरसाइट आणि यंत्र पुढे नेल्यावर बॅकसाइट. जागा एक, म्हणून ओळही एकच. यावरून ओळींची संख्या तक्ता आखण्याआधीच काढता येते: एकूण वाचनं वजा यंत्र जितक्या वेळा हलवलं ती संख्या.

एक प्रश्न घेऊ. सलग उतरत्या जमिनीवर दर २० मीटरवर ४ मीटरच्या स्टाफने क्रमाने अशी वाचनं घेतली आहेत: ०.६४५, १.२८०, २.११५, ३.४९०, ०.८७०, १.९४५, ३.६१०, ०.५२५, १.७६०, २.९०५. पहिल्या जागेचा आरएल १५०.०००. राइज अँड फॉल पद्धतीने आरएल काढा आणि पहिल्या व शेवटच्या जागेतला उतार सांगा.

यंत्र कधी हलवलं ते इथे सांगितलेलं नाही, पण 'सलग उतरत्या' या शब्दांतच ते आहे. जमीन उतरतेय तोवर वाचन वाढतच जाणार. ३.४९० नंतर एकदम ०.८७० येतं, म्हणजे स्टाफ संपत आला आणि यंत्र खाली नेलं. तसंच ३.६१० नंतर ०.५२५. म्हणून ३.४९० आणि ३.६१० फोरसाइट, ०.८७० आणि ०.५२५ बॅकसाइट. पहिलं वाचन बॅकसाइट आणि शेवटचं फोरसाइट हे तर नेहमीचंच. जमीन चढती असती तर उलटं झालं असतं: वाचनं कमी होत होत एकदम मोठं वाचन आलं असतं. आणि जमीन वरखाली असेल तर ही खूण अजिबात वापरायची नाही. तिथे प्रश्नातच 'चौथ्या आणि सातव्या वाचनानंतर यंत्र हलवले' असं लिहिलेलं असतं. त्याचा अर्थ चौथं वाचन फोरसाइट आणि पाचवं बॅकसाइट, इतकाच. काही पोरं चौथंच वाचन दोन्ही रकान्यांत लिहून मोकळी होतात.

वाचनं १०, यंत्र हललं २ वेळा, म्हणून ओळी ८. शेवटच्या जागेचं अंतर ७ गुणिले २०, म्हणजे १४० मीटर. हे दोन आकडे पेन्सिलने कोपऱ्यात लिही आणि मगच पट्टी हातात घे.

| अंतर | बीएस | आयएस | एफएस | राइज | फॉल | आरएल |
|---|---|---|---|---|---|---|
| ० | ०.६४५ | | | | | १५०.००० |
| २० | | १.२८० | | | ०.६३५ | १४९.३६५ |
| ४० | | २.११५ | | | ०.८३५ | १४८.५३० |
| ६० | ०.८७० | | ३.४९० | | १.३७५ | १४७.१५५ |
| ८० | | १.९४५ | | | १.०७५ | १४६.०८० |
| १०० | ०.५२५ | | ३.६१० | | १.६६५ | १४४.४१५ |
| १२० | | १.७६० | | | १.२३५ | १४३.१८० |
| १४० | | | २.९०५ | | १.१४५ | १४२.०३५ |
| बेरीज | २.०४० | | १०.००५ | ० | ७.९६५ | |

चेंज पॉइंटच्या ओळीत दोन वाचनं असतात, मग वजाबाकी कोणाशी करायची हा गोंधळ होतो. मी वर्गात सांगतो, फोरसाइट वर बघतो आणि बॅकसाइट खाली बघतो. ६० मीटरच्या ओळीतला ३.४९० वरच्या २.११५ शी जोडायचा, कारण ती दोन्ही वाचनं यंत्राच्या एकाच मांडणीतली आहेत. त्याच ओळीतला ०.८७० खालच्या १.९४५ शी जोडायचा. ३.४९० आणि ०.८७० एकमेकांतून वजा करायचे नाहीत, कारण ती एकाच जागेची, पण यंत्राच्या दोन वेगळ्या उंचींवरून घेतलेली वाचनं आहेत.

चेक: २.०४० वजा १०.००५ म्हणजे उणे ७.९६५. राइजची बेरीज वजा फॉलची बेरीज उणे ७.९६५. शेवटचा आरएल वजा पहिला, तोही उणे ७.९६५. उतार १४० भागिले ७.९६५, म्हणजे १७.५८ मीटरला १ मीटर, खाली.

आता तुझ्या सवयीने हा प्रश्न कसा बिघडतो ते बघ. समज, तुझ्यासमोरच्या जुन्या प्रश्नात १० ओळी होत्या आणि इथे वाचनंही १०. आकडे बसले म्हणून तू प्रत्येक वाचनाला एक ओळ दिलीस. ३.४९० च्या खाली नवी ओळ काढून ०.८७० बॅकसाइटमध्ये लिहिलास. पुढे दोन गोष्टी होऊ शकतात.

एक, तू ३.४९० मधून ०.८७० वजा करून २.६२० ची राइज लिहिलीस आणि पुढच्या चेंज पॉइंटला तसंच केलंस. मग शेवटचा आरएल १४७.७४० येतो आणि फरक फक्त उणे २.२६०. बॅकसाइट-फोरसाइटचा फरक उणे ७.९६५ आहे, त्यामुळे चेक ओरडतो. ही चूक बरी, कारण ती दिसते.

दुसरी वाईट. तुला आठवतं की चेंज पॉइंटचा आरएल तोच राहतो, म्हणून नव्या ओळीत १४७.१५५ परत लिहून पुढे जातोस. आता सगळे आरएल बरोबर येतात आणि तिन्ही चेक जुळतात. पण ओळी १० झाल्यामुळे अंतराचा रकाना ० पासून १८० पर्यंत जातो, आणि उतार येतो २२.६० ला १. चेकला हे कळायला मार्गच नाही, कारण त्यात अंतर कुठेच येत नाही. मी कामावर होतो तेव्हा एका चारीच्या लेव्हल बुकात असा प्रकार पाहिला आहे. हिशेब निर्दोष होता, पण चेनेज चुकल्यामुळे उताराची रेषा जमिनीवर कुठेच बसेना, आणि अर्धा दिवस सगळे यंत्रालाच दोष देत होते.

कोलिमेशन पद्धतीचा तक्ता उचलत असशील तर आणखी एक गोष्ट. याच प्रश्नात यंत्राच्या उंची १५०.६४५, १४८.०२५ आणि १४४.९४० येतात आणि प्रत्येक आरएल म्हणजे उंची वजा वाचन. पद्धत झटपट आहे, पण तिचा नेहमीचा चेक इंटरमिजिएट वाचनांना शिवतसुद्धा नाही. ८० मीटरचा आरएल १४६.०८० ऐवजी १४६.८०० लिहिलास तरी शेवटचा आरएल बरोबरच येणार आणि चेकही जुळणार. राइज अँड फॉलमध्ये प्रत्येक ओळ मागच्या ओळीवर उभी असते, म्हणून असली चूक शेवटपर्यंत वाहत येते आणि पकडली जाते. प्रश्नात पद्धत सांगितली नसेल तर मी राइज अँड फॉलच घेईन. दोन मिनिटं जास्त लागतात, लागू देत.

जुन्या तक्त्यात न सापडणारी एक गोष्ट म्हणजे उलटा स्टाफ. तुळईच्या किंवा छज्जाच्या तळाला स्टाफ उलटा धरून घेतलेलं वाचन उणं लिहायचं. मागचं वाचन १.२८० आणि तुळईच्या तळाचं उलटं वाचन २.३५० असेल, तर १.२८० वजा उणे २.३५०, म्हणजे ३.६३० ची राइज. उणं चिन्ह विसरलास तर १.०७० चा फॉल येईल आणि तुळई जमिनीच्या खाली जाईल. चेक इथेही गप्प बसेल, कारण तो तू तक्त्यात जे लिहिलंस तेवढंच तपासतो, प्रश्नात काय होतं ते त्याला ठाऊक नसतं.

आता ट्रॅव्हर्स. इथे ओळीचा अर्थ बदलतो: एक ओळ म्हणजे एक रेषा. चार बाजूंच्या बंद ट्रॅव्हर्सला चार ओळी, एवढं सोपं. त्यामुळे इथे ओळींपेक्षा चिन्हं जास्त फसवतात.

आधी रकाने. गेलच्या तक्त्यात डावीकडे आतले कोन, त्यांची दुरुस्ती आणि दुरुस्त कोन असे रकाने असतात. प्रश्नात कोन दिले असतील तरच ते काढायचे. चार कोनांची बेरीज ३६० अंश यायला हवी. जी चूक असेल ती सगळ्या कोनांवर सारखी वाटायची आणि मगच बेअरिंग काढायची. प्रश्नात थेट बेअरिंग दिली असतील तर ते तीन रकाने गाळायचे. पाठ केलेला तक्ता पुरा आखून ते रिकामे ठेवणारे दर वर्षी भेटतात, आणि त्या पानावर पुढच्या आकड्यांना जागाच उरत नाही.

प्रश्न असा समज: अ-ब ११० मीटर, बेअरिंग ४०°, ब-क ९० मीटर, १२०°, क-ड १२० मीटर, २०५°, ड-अ १२०.२० मीटर, ३०५°२०′. बाऊडिच नियमाने दुरुस्ती करा. अ चे कोऑर्डिनेट्स १०० उत्तर, १०० पूर्व.

लॅटिट्यूड म्हणजे लांबी गुणिले बेअरिंगचा कोसाइन, डिपार्चर म्हणजे लांबी गुणिले साइन. कॅल्क्युलेटरमध्ये क्वाड्रंटल बेअरिंग न घालता होल सर्कल बेअरिंगच घाल, म्हणजे चिन्ह तोच देतो. २०५ चा कोसाइन उणाच येतो, तुला दक्षिण-पश्चिम आठवत बसायला नको. फक्त सुरुवातीला ४० चा कोसाइन ०.७६६ येतो का ते बघ. वेगळं काही आलं तर कॅल्क्युलेटर अंशांवर नाही.

| रेषा | लॅटिट्यूड | डिपार्चर | लॅट. दुरुस्ती | डिप. दुरुस्ती | दुरुस्त लॅट. | दुरुस्त डिप. |
|---|---|---|---|---|---|---|
| अ-ब | +८४.२६५ | +७०.७०७ | −०.००६ | +०.०३१ | +८४.२५९ | +७०.७३८ |
| ब-क | −४५.००० | +७७.९४२ | −०.००५ | +०.०२५ | −४५.००५ | +७७.९६७ |
| क-ड | −१०८.७५७ | −५०.७१४ | −०.००६ | +०.०३४ | −१०८.७६३ | −५०.६८० |
| ड-अ | +६९.५१६ | −९८.०५९ | −०.००७ | +०.०३४ | +६९.५०९ | −९८.०२५ |
| बेरीज | +०.०२४ | −०.१२४ | −०.०२४ | +०.१२४ | ० | ० |

लॅटिट्यूडची बेरीज शून्याऐवजी अधिक ०.०२४ आली, म्हणून एकूण दुरुस्ती उणे ०.०२४. डिपार्चरची बेरीज उणे ०.१२४, म्हणून दुरुस्ती अधिक ०.१२४. क्लोजिंग एरर ०.१२६ मीटर, घेर ४४०.२० मीटर, म्हणजे साधारण ३५०० मध्ये १. बाऊडिच नियमात ही दुरुस्ती रेषेच्या लांबीच्या प्रमाणात वाटायची: अ-ब ला ०.०२४ गुणिले ११० भागिले ४४०.२०. (हा नियम मुळात १८०८ मध्ये अमेरिकेतल्या एका नियतकालिकात बक्षिसासाठी विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर म्हणून आला होता. म्हणजे बाऊडिचही एका अर्थी पेपरच सोडवत होता.)

क-ड च्या लॅटिट्यूडची दुरुस्ती जरा जवळून बघ. आकडा येतो ०.००६५४ आणि ड-अ चा ०.००६५५. दोन्ही पूर्णांकित केले तर ०.००७ आणि ०.००७, आणि चारांची बेरीज ०.०२५ होते. दुरुस्तीच एक मिलिमीटर जास्त झाली तर दुरुस्त लॅटिट्यूडची बेरीज शून्य येणार नाही, आणि पोरं इथे दहा मिनिटं आकडेमोड परत तपासतात. चूक कुठेच नसते. दोघांतला लहान आकडा क-ड चा, म्हणून त्यालाच ०.००६ द्यायचे आणि पुढे जायचं. दुरुस्त्यांची बेरीज एकूण दुरुस्तीइतकी झालीच पाहिजे, हे पूर्णांकनाच्या नियमापेक्षा वरचं आहे.

आता चिन्हांचा सापळा. मी वर लॅटिट्यूडचा एकच रकाना चिन्हासकट वापरला. बऱ्याच सोडवलेल्या उत्तरांत चार रकाने असतात: नॉर्थिंग, साउदिंग, ईस्टिंग, वेस्टिंग, आणि त्यांत आकडे चिन्हाविना लिहिलेले. तिथे दुरुस्तीचं चिन्ह रकान्याप्रमाणे उलटतं. इथे लॅटिट्यूडची दुरुस्ती उणे आहे, म्हणजे नॉर्थिंगमधून वजा करायची आणि साउदिंगमध्ये मिळवायची. क-ड चं साउदिंग १०८.७५७ चं १०८.७६३ होतं, म्हणजे वाढतं. डिपार्चरची दुरुस्ती अधिक, म्हणून ईस्टिंग वाढतं आणि वेस्टिंग घटतं: ५०.७१४ चं ५०.६८०. जुन्या प्रश्नात साउदिंगच्या रकान्यात उणे होतं म्हणून इथेही उणे केलंस, तर ब-क आणि क-ड या दोन्ही ओळी चुकीच्या दिशेने जातील. जुन्या प्रश्नातली बेरीज कदाचित उणी होती. तुझी अधिक आहे. म्हणून चार रकान्यांचा तक्ता मागितलेला असला तरी मी दुरुस्ती आधी चिन्हासकट बाजूला करतो आणि मग रकान्यांत टाकतो.

ट्रान्झिट नियमाने सोडवलेला प्रश्न समोर असेल तर आणखी जपून. त्यात लॅटिट्यूडची दुरुस्ती लॅटिट्यूडच्याच प्रमाणात असते, आणि छेदात चिन्ह न बघता केलेली लॅटिट्यूडची बेरीज येते. या प्रश्नात ती ३०७.५३८ होईल, ४४०.२० नव्हे. तक्ता दोन्हीकडे हुबेहूब सारखा दिसतो, छेद तेवढा वेगळा. म्हणून वर नियमाचं नाव लिहून मगच सुरुवात कर.

कोऑर्डिनेट्स रेषेचे नसतात, बिंदूचे असतात. अ-ब च्या ओळीत ब चे लिहायचे की अ चे, यावरून पूर्ण रकाना एक ओळ सरकतो. मी त्यांना खाली वेगळा छोटा तक्ता देतो: अ १००.०००, १००.०००, ब १८४.२५९, १७०.७३८, क १३९.२५४, २४८.७०५, ड ३०.४९१, १९८.०२५. मग ड मध्ये ड-अ मिळवून परत १०० आणि १०० येतात का ते लिहून दाखवायचं.

लिहून दाखवायचं असं मुद्दाम म्हणतोय. एमएसबीटीईच्या मॉडेल आन्सरच्या सुरुवातीच्या सूचनांत गणिताला पायरीप्रमाणे गुण देता येतील असं म्हटलेलं असतं. चेकची ओळ, क्लोजिंग एरर, एकूण दुरुस्ती या पायऱ्या आहेत. कॅल्क्युलेटरवर केलेल्या पण कागदावर न आलेल्या पायरीला मी गुण द्यायचे तरी कुठे?

आणि वेळ संपत आली असताना राइज अँड फॉलचा चेक बसला नाही, तर सगळं परत करू नकोस. दोन बाजूंतला फरक काढ आणि त्याचा निम्मा कर. वरच्या प्रश्नात कोणी ४० मीटरचा फॉल चुकून राइजमध्ये लिहिला तर शेवटचा आरएल १४३.७०५ येतो आणि फरक १.६७० चा पडतो. निम्मा केला की ०.८३५. राइज-फॉलच्या रकान्यांवरून बोट फिरव, हा आकडा एकाच ओळीत सापडेल. तो योग्य रकान्यात टाक आणि त्या ओळीपासून खालच्या प्रत्येक आरएलमधून १.६७० वजा कर.